फिरायला जाणाऱ्या गटातील नव्या सदस्यांसाठी स्वागताचा संदेश कसा लिहावा

वसाहतीतील दहा-बारा जण सकाळी एकत्र फिरायला जाऊ लागले की त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर गट तयार होतो. नवी व्यक्ती गटात आली की हात जोडलेल्या चिन्हांची आणि पुष्पगुच्छांची रांग लागते. मात्र उद्या सकाळी नेमके कुठे उभे राहायचे, कोणाला शोधायचे आणि आपला वेग कमी पडला तर काय होईल, हे तिला कोणीच सांगत नाही. गटात वर पिन करून ठेवायचा स्वागताचा संदेश याच प्रश्नांच्या उत्तरासाठी असतो. तो कसा लिहावा हे पाहण्यासाठी पुण्यातील कोथरूडचा एक गट डोळ्यांसमोर ठेवू. हा गट सोमवार ते शनिवार वसाहतीजवळच्या सपाट रस्त्याने चाळीस मिनिटे चालतो आणि रविवारी वेताळ टेकडीवर जातो.

संदेशाची सुरुवात वेळ, जागा आणि भेटणारी व्यक्ती या तीन गोष्टींनी करावी. लांब संदेश फोनवर अर्धवट दिसतो आणि उरलेला भाग ‘अधिक वाचा’ या शब्दांमागे दडतो. त्यामुळे गटाची स्थापना, उद्दिष्टे आणि आरोग्याविषयीची सुभाषिते वर घातली, तर कामाची माहिती नेमकी न दिसणाऱ्या भागात जाते. जागा लिहिताना ‘मुख्य फाटक’ एवढे पुरत नाही, कारण मोठ्या वसाहतीला दोन फाटके असतात आणि दोन्हीकडच्या रहिवाशांना आपलेच फाटक मुख्य वाटते. ‘दूध केंद्राशेजारच्या फाटकाबाहेर, पिंपळाखाली’ असे लिहिले की चूक होत नाही. भेटणाऱ्या व्यक्तीचे केवळ नाव न देता तिची ओळखही द्यावी. ‘निळ्या टोपीतील काका तुमची वाट पाहतील’ हे वाक्य स्वागताच्या चार विशेषणांपेक्षा अधिक आपुलकीचे ठरते.

वेळेच्या बाबतीत ऋतूंचा विचार करावाच लागतो. पुण्यात जूनच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत सात वाजून गेल्यावर. वर्षभर सहाचीच वेळ ठेवली तर थंडीत सगळे फिरणे अंधारात होते आणि ज्यांना एकट्याने अंधारातून फाटकापर्यंत यावे लागते, असे सदस्य न सांगता गळतात. म्हणून उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत सहा आणि हिवाळ्यात पावणेसात अशा दोन वेळा ठरवाव्यात, पण संदेशात केवळ चालू असलेली वेळ लिहावी. थांबण्याचा नियमही येथेच सांगावा: पाच मिनिटे वाट पाहून गट निघतो, आणि ज्यांना उशीर होईल त्यांनी त्याच रस्त्याने मागून यावे. फोन करून गटाला थांबवून धरण्याची सवय एकदा लागली की सहाचे सव्वासहा व्हायला वेळ लागत नाही.

यानंतर येतो वेगाचा प्रश्न, आणि नवा सदस्य मनातल्या मनात विचारत असतो तो हाच. गुडघा दुखणाऱ्या काकू आणि तिशीतला भरभर चालणारा तरुण एकाच गटात असतात. ‘प्रत्येकाने आपापल्या वेगाने चालावे’ असे लिहिणे सोपे असते, परंतु त्याचा प्रत्यक्षातला अर्थ ‘मागे पडलात तर तुमचे तुम्ही पाहा’ असा होतो. सपाट रस्त्यावर याला एक साधा उपाय आहे: अंतर न ठरवता परत फिरण्याची वेळ ठरवावी.

हिशोब करून पाहू. गट सहा वाजता निघाला. काकूंचा वेग ताशी 4 किलोमीटर आहे आणि तरुणाचा ताशी 6. सहा वाजून वीस मिनिटांनी काकू साधारण 1.3 किलोमीटरवर असतील, तर तरुण 2 किलोमीटरवर. त्या क्षणी जो जिथे असेल तिथून मागे वळला आणि आपला वेग कायम राखला, तर दोघेही सहा चाळीसला पिंपळाखाली पोहोचतात. कोणालाही कोणासाठी रेंगाळावे लागत नाही आणि शेवटी सगळे एकत्र भेटतात. शिवाय परतीच्या वाटेवर पुढे गेलेले लोक मागच्यांच्या जवळ येत जातात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात दोन गप्पाही होतात. मात्र जाताना आणि येताना रस्ता एकच असला पाहिजे; गोल फेरी मारणाऱ्या गटाला ही पद्धत लागू पडत नाही. दुसरी अट अशी की परतीच्या वेळी दमून वेग फार कमी होऊ नये. चालता चालता अडखळल्याशिवाय पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे, ही खूण संदेशात द्यावी.

टेकडीवर मात्र घड्याळाचा नियम चालत नाही. वेताळ टेकडीवर पायवाटा अनेक आहेत आणि त्यांना फाटेही बरेच फुटतात, त्यामुळे मागे राहिलेली व्यक्ती दुसऱ्याच बाजूला उतरू शकते. तेथे दोन जबाबदाऱ्या नेमून द्याव्या लागतात. सर्वांत पुढे वाट माहीत असलेली एक व्यक्ती असते आणि पिछाडीला एक अनुभवी व्यक्ती, जिच्या मागे कोणीही राहायचे नाही. पुढचा माणूस प्रत्येक फाट्यावर थांबतो आणि पिछाडीचा माणूस दिसल्यावरच पुढे निघतो. येथे एक चूक हमखास होते: मागचे येऊन पोहोचताच, दम खाऊन ताजे झालेले पुढचे लोक लगेच चालू लागतात, आणि ज्यांना विश्रांतीची खरी गरज असते त्यांना ती मिळतच नाही. म्हणून ‘शेवटची व्यक्ती आल्यावर आणखी दोन मिनिटे थांबू’ हे शब्द संदेशात स्पष्टपणे लिहावेत. ज्यांना मध्येच घरी परतायचे असेल त्यांनी पिछाडीच्या व्यक्तीला सांगून जावे, हेही त्यालाच जोडून लिहावे.

इतर नियम निवडताना हात आखडता घ्यावा. ज्या गोष्टींवरून खरोखर कुरबुर होते तेवढ्याच लिहाव्यात, प्रत्येक नियमाला त्याचे कारण जोडावे आणि शक्य तेथे मनाई करण्याऐवजी गटाची रीत सांगावी. ‘मोठ्याने बोलू नये’ यापेक्षा ‘घरांसमोरून जाताना आपण आवाज खाली ठेवतो, कारण खिडक्यांमागे लोक झोपलेले असतात’ हे वाक्य वाचणाऱ्याला गटात सामावून घेते. पदपथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने, दोघांपेक्षा अधिक जण शेजारी-शेजारी न येता चालावे, हा नियम मात्र मृदू भाषेच्या नादात मोघम करू नये. रमतगमत, गप्पांच्या भरात चौघे जण रस्ता अडवून चालतात, तेव्हा मागून येणाऱ्या दूधवाल्याची अडचण होतेच आणि कडेच्या माणसाचा जीवही धोक्यात येतो.

फुलांचा विषय किरकोळ वाटेल, पण वसाहतीत गटाचे नाव खराब होते ते बहुधा यावरूनच. कुंपणावरून बाहेर झुकलेली जास्वंद पूजेसाठी तोडणाऱ्याला ती रस्त्यावरची वाटते, आणि झाडाला रोज पाणी घालणाऱ्याला ती आपल्या घरची वाटते. खाली पडलेला प्राजक्त वेचण्याला सहसा कोणाची हरकत नसते. संदेशात ‘फांदीवरची फुले आपण फांदीवरच राहू देतो’ असे एक वाक्य पुरेसे आहे. त्यावर प्रवचन नको.

आजारांची माहिती सर्वांसमोर मागू नये. मधुमेह, हृदयविकार किंवा तोल जाण्याचा त्रास असल्यास गटप्रमुखांना वेगळे सांगावे, इतकीच विनंती असावी. खिशात घरच्या व्यक्तीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवण्यास सर्वांनाच सांगावे, म्हणजे कोणालाही वेगळे काढल्यासारखे वाटत नाही. रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांकही येथेच द्यावा. तसेच गटातून मिळालेल्या क्रमांकावर फिरण्याव्यतिरिक्त अन्य कारणासाठी, न विचारता संदेश पाठवू नये, हे लिहायला संकोच करू नये. नव्याने आलेल्या स्त्रियांच्या दृष्टीने गटाची पारख बहुतेक वेळा याच नियमावर होते.

एवढा विचार झाल्यावर प्रत्यक्ष संदेश पुढीलप्रमाणे लिहिता येईल.

> नमस्कार, आपले मनापासून स्वागत. आपण सोमवार ते शनिवार सकाळी सहा वाजता दूध केंद्राशेजारच्या फाटकाबाहेर, पिंपळाखाली भेटतो. पहिल्या दिवशी निळ्या टोपीतील काका तुमची वाट पाहतील आणि तुमच्याबरोबर चालतील. सहा वाजून पाच मिनिटांनी आपण निघतो. उशीर झाल्यास त्याच रस्त्याने मागून यावे.
>
> वेगाची काळजी करू नये. सहा पंचविसाला जो जिथे असेल तिथून परत फिरतो, त्यामुळे सर्व जण पावणेसातला एकत्र पोहोचतात. बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. रविवारी टेकडीवर पिछाडीला नेहमी एक सदस्य असतात. त्यांच्या मागे कोणी राहत नाही आणि त्यांना सांगितल्याशिवाय कोणी परतत नाही. फाट्यावर शेवटची व्यक्ती आल्यावर आणखी दोन मिनिटे थांबू.
>
> पदपथ नसेल तेथे आपण उजव्या कडेने, दोघा-दोघांनी चालतो. घरांसमोर आवाज खाली ठेवतो, फोनवरील गाणी इअरफोन लावूनच ऐकतो आणि फांदीवरची फुले फांदीवरच राहू देतो. छायाचित्र गटाबाहेर पाठवण्यापूर्वी त्यातील सर्वांना विचारतो. येथील क्रमांक फिरण्यासंबंधीच्या निरोपांसाठीच वापरतो.
>
> घरच्या व्यक्तीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. प्रकृतीविषयी काही सांगायचे असल्यास गटप्रमुखांना वेगळे कळवावे. रुग्णवाहिका: 108. पावसामुळे फिरणे रद्द असल्यास साडेपाचपर्यंत निरोप येईल. निरोप नसेल तर फिरणे आहे असे समजावे. चहा ऐच्छिक असतो आणि ज्याचे पैसे तोच देतो.

यातील शेवटून दुसरे वाक्य पावसाळ्यात फार उपयोगी पडते. ‘आज आहे का?’ या प्रश्नाने पहाटे वीस जणांचे फोन वाजणे त्यामुळे थांबते. चहाचे वाक्य क्षुल्लक वाटले तरी ठेवावे. पहिल्याच दिवशी कोणीतरी आग्रहाने सर्वांचे पैसे देतो आणि मग ती फेड कशी करायची या अवघडलेपणातून नवा माणूस टपरीवर थांबणेच टाळतो.

संदेश तयार झाल्यावर गटाबाहेरच्या एका व्यक्तीला तो वाचायला द्यावा आणि ‘उद्या तू कुठे, किती वाजता येशील?’ एवढेच विचारावे. उत्तर देताना तिला संदेश पुन्हा उघडावा लागला, तर पहिला परिच्छेद अजून सोपा करायला हवा.

पिन करण्याची एक तांत्रिक मर्यादा लक्षात ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पिन करताना 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस अशी मुदत निवडावी लागते आणि ती संपली की पिन निघते. त्याशिवाय नव्या सदस्याला तो गटात येण्यापूर्वीचे संदेश सहसा दिसत नाहीत, त्यामुळे आधी पिन केलेला मजकूर त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून हाच मजकूर गटाच्या वर्णनातही ठेवावा, आणि कोणी नवे आले की संदेश पुन्हा पाठवून 30 दिवसांसाठी नव्याने पिन करावा. वेळ बदलल्यावर वर्णन आणि पिन केलेला संदेश दोन्ही एकाच बैठकीत बदलावेत; एकात सहा आणि दुसऱ्यात पावणेसात राहिले, तर नवा सदस्य नेमका चुकीच्या वेळी पिंपळाखाली येऊन उभा राहतो.