वारांऐवजी भाज्यांचे गट: आमच्या कॅन्टीनचा बदललेला तक्ता

पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी रोज सुमारे दोनशे ताटांची व्यवस्था पाहतो. आमचा तक्ता वारांना बांधलेला होता: सोमवारी फ्लॉवर-बटाटा, मंगळवारी मटार-उसळ. त्यामुळे पावसाळ्यात मटार महाग झाला तरी तोच घ्यावा लागे आणि जेवणारे वारावरून भाजी ओळखून डबा आणत.

मग मी तक्त्यात भाजीचे नाव लिहिणेच थांबवले आणि फक्त गट लिहिले: वेलभाजी, शेंगभाजी, पालेभाजी, कडधान्य, कंद. गटातली नेमकी भाजी आदल्या दिवशी बाजारभाव पाहून ठरते. पाच गटांचे हे चक्र सहा दिवसांच्या आठवड्यात फिरत असल्याने एकच गट सलग दोन सोमवारी येत नाही, आणि हाच बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो.

भावाची तुलना मात्र निवडून-सोलून हाती उरलेल्या भाजीच्या वजनावर करावी. शेंगांसह घेतलेल्या मटाराचे दाणे निम्म्याच्या आसपासच भरतात. दुधी बराचसा कामी येतो. पावसाळ्यात पालेभाजी चिखलाने व सडल्याने फार वाया जाते, म्हणून तेव्हा पालेभाजीच्या दिवशी मटकी किंवा चवळी करतो.

पहिल्या श्रावणात एक चूक झाली. स्वस्त म्हणून दुधी, दोडका, पडवळ एकाच दाण्याच्या कुटात केले आणि ताटांतले उष्टे वाढले. आता भाजीबरोबर वाटणही बदलतो: दुधीला चणाडाळ, पडवळाला ओले खोबरे, दोडक्याला कूट. उष्ट्याची बादली रोज वजन करून पाहतो. वजन चढले की ती जोडी पुढच्या चक्रातून काढतो.