महागाई निर्देशांक जोडताना या चुका टाळा

मुंबईत कंपनी आणि युनियन महागाई भत्त्याचं सेटलमेंट करायला बसले की एक जण हटकून म्हणतो, "इंडेक्स तर 338 वरून 118 वर आला, भत्ता कशाचा वाढवायचा?" ऑगस्ट 2020 चा औद्योगिक कामगारांचा अखिल भारतीय निर्देशांक 338 होता, पाया 2001, म्हणजे 2001 चे भाव 100 धरून. सप्टेंबरचा 118.1, पण पाया 2016. नवी मालिका जुनीला जोडणारा गुणक, म्हणजे जोडगुणक, 2.88 आहे, म्हणून 118.1 ला 2.88 ने गुणा, 340.1 येतात. महागाई वाढलेलीच होती. इथे वजाबाकी चालत नाही, गुणाकारच लागतो. तसंच 2.88 हा आकडा अखिल भारतीय आहे. सेटलमेंट मुंबई केंद्राच्या निर्देशांकावर असेल तर मुंबईचाच जोडगुणक घ्या, प्रत्येक केंद्राचा वेगळा असतो. आणि पॉइंटमागे भत्ता ठरला असेल तर नव्या मालिकेचा एक पॉइंट जुन्या 2.88 पॉइंटांएवढा असतो, हे करारात लिहून घ्या.

ही चूक निदान लगेच दिसते तरी. जुन्या भारांकांची, म्हणजे खर्चात कशाचा किती वाटा धरला त्या आकड्यांची, चूक दिसतच नाही.

2001 च्या मालिकेचे भारांक 1999-2000 च्या कुटुंब-खर्च पाहणीतून आले होते आणि ते 2020 पर्यंत वापरले गेले. तोवर कामगाराच्या खर्चातला खाण्यापिण्याचा वाटा घटला होता. मालिका बदलली तेव्हा तो भारांक 46.2 वरून सुमारे 39 झाला. मग मधल्या काळात काय बिघडलं?

साधे आकडे मानून पाहू. पहिल्या वर्षी घरखर्चात खाण्याचा वाटा 60, बाकीचा 40. सहा वर्षांत खाणं 30 टक्के महागलं, बाकीचं 10. निर्देशांक 78 अधिक 44, म्हणजे 122. पुढच्या सहा वर्षांत खाणं 40 टक्के आणि बाकीचं 10 टक्के महागलं. स्थिर पायाच्या, म्हणजे पहिल्या वर्षाचंच खरेदीचं प्रमाण धरलेल्या, हिशेबात खाण्याचे 109.2 आणि बाकीचे 48.4, मिळून 157.6. आता मधल्या वर्षी नवी पाहणी केली आणि खाण्याचा वाटा 45 वर आलेला दिसला, असं धरा. साखळी पद्धतीत प्रत्येक टप्प्याचा हिशेब त्याच्याच भारांकांनी करतात आणि टप्पे एकमेकांना गुणतात, असा एक टप्पा म्हणजे एक कडी. दुसरी कडी 0.45 गुणिले 1.4 अधिक 0.55 गुणिले 1.1, म्हणजे 1.235. तिला 122 ने गुणलं की साखळी निर्देशांक 150.7 येतो. भाव तेच, तरी शेवटच्या सहा वर्षांची महागाई एकीकडे 29 टक्के आणि दुसरीकडे साडेतेवीस.

यातली गोम अशी की स्थिर पायात भारांक गोठलेले नसतात, गोठलेलं असतं ते खरेदीचं प्रमाण. जी वस्तू महागते तिचा हिशेबातला वाटा आपोआप फुगतो. वरच्या उदाहरणात मधल्या वर्षी खाण्याचा वाटा 122 पैकी 78, म्हणजे 64 टक्के झाला होता, प्रत्यक्षात लोक 45 टक्केच खर्च करत होते. महाग झालेलं लोक कमी घेतात किंवा पर्याय शोधतात, हे जुन्या भारांकांना कळत नाही. म्हणून स्थिर पाया बहुधा महागाई जास्त दाखवतो. बहुधा, नेहमी नव्हे: उत्पन्न वाढून लोक महागणाऱ्या सेवांवरच जास्त खर्च करू लागले तर उलटंही होतं.

मग दर महिन्याला साखळी जोडत जावी का? मुळीच नाही. दादरच्या मंडईत टोमॅटो 40 चा 80 झाला आणि पुढच्या महिन्यात परत 40 वर आला, कांदा 30 वरच राहिला, असं समजा. दर महिन्याला दोघांना 50-50 भारांक दिला तर पहिली कडी 1.5, दुसरी 0.75, गुणाकार 1.125. भाव जागच्या जागी, निर्देशांक मात्र 112.5! यालाच साखळीचं सरकणं म्हणतात. दुसऱ्या महिन्यात भारांक नव्या भावाने सुधारले, म्हणजे टोमॅटो दोन तृतीयांश आणि कांदा एक तृतीयांश धरला, तर कडी 0.667 येते आणि गुणाकार बरोबर 1. पण लोक खरेदीचं प्रमाणही दर महिन्याला बदलत असतील तर एवढ्याने भागत नाही. म्हणून भारांक वर्षातून एकदा बदलावेत आणि मधल्या महिन्यांत नुसते भावाने सुधारावेत.

आपला तक्ता तपासायचा असेल तर शेवटी एक कृत्रिम महिना घाला, ज्यात सगळे भाव पहिल्या महिन्याएवढे असतील. निर्देशांक 100 वर परतला नाही तर साखळी सरकली आहे. वर्षागणिक खरेदीचं प्रमाण बदललं असेल तर थोडा फरक राहणारच. फरक मोठा असेल तर आधी मासिक कड्या तपासा.

आणखी एक: साखळी मालिकेत गटांचे निर्देशांक पहिल्या वर्षाच्या भारांकांनी जोडून एकूण आकडा काढू नका. तो जुळत नाही, आणि जुळत नाही म्हणून लोक उगाच सूत्रात चूक शोधत बसतात. बेरीज एका कडीच्या आतच जुळते.