आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल: गोंदाला दोष देण्याआधी या चुका टाळा

शाळेच्या प्रकल्पातला पूल मोडला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गोंद चांगला नव्हता." मोडलेले तुकडे उचलून पाहिले तर बहुतेक वेळा सांधे शाबूत असतात आणि वरच्या दांड्यातली, म्हणजे पुलाच्या वरच्या आडव्या रांगेतली, एखादी काडी मधोमध वाकून तुटलेली असते. मग पुढचा पूल दुप्पट गोंद ओतून बांधला जातो आणि तोही तिथेच मोडतो. म्हणून सर्वांत जास्त वेळ याच चुकीवर घालवूया.

वरच्या दांड्यात एकच काडी

नेहमीची काडी साधारण ११४ मिमी लांब, १० मिमी रुंद आणि २ मिमी जाड असते. ती ओढली तर सहजासहजी तुटत नाही. पण टेबलावर उभी धरून वरून दाबली तर लाकूड चिरडण्याच्या कितीतरी आधी ती धनुष्यासारखी वाकते, आणि वाकते ती नेहमी २ मिमीच्या बाजूला. पुलावर वजन आलं की खालचा दांडा ओढला जातो आणि वरचा दाबला जातो. दोन्हीकडे सारख्याच काड्या लावल्या तर वरचा आधी जाणार हे ठरलेलंच आहे.

आकड्यांत बघू. दोन टेबलांमधलं अंतर ३८ सेंमी आहे. पुलाच्या दोन बाजूंना दोन कैच्या, म्हणजे काड्यांच्या उभ्या चौकटी, आहेत; त्या वॉरन पद्धतीच्या, म्हणजे समभुज त्रिकोणांच्या. काड्यांची टोकं एकमेकांवर चढवल्यामुळे सांध्यापासून सांध्यापर्यंत १० सेंमी मिळतात. असे खाली चार खण, वर तीन खण, उंची ८.७ सेंमी. खालचे टोकाचे सांधे एकमेकांपासून ४० सेंमीवर येतात आणि दोन्हीकडे टेबलावर नीट टेकतात. एका कैचीला १५ काड्या, दोन्हींना मिळून ३०. मध्यावर २० किलोची बादली टांगली तर प्रत्येक कैचीच्या वाट्याला १० किलो येतात आणि तिच्या प्रत्येक टोकाला टेबल ५ किलोने वर रेटतं. आता वरच्या दांड्याच्या मधल्या काडीवरचा दाब काढा: टोकाचे ५ किलो गुणिले मध्यापर्यंतचे २० सेंमी, भागिले उंची ८.७ सेंमी. उत्तर येतं जवळपास साडेअकरा किलो.

१० सेंमी अंतरात अशी एकटी, अगदी सरळ काडी दाबाखाली साधारण साडेसहा ते सात किलोला बाक घेते. म्हणजे २० किलोपर्यंत हा पूल जातच नाही, बाराच्या आसपास बसतो. त्यातली काडी मुळात थोडी वाकडी असेल तर त्याच्याही आधी. तोवर खालच्या दांड्याला आणि सांध्यांना फारसं काही झालेलं नसतं.

उपाय स्वस्त आहे. दोन काड्या पूर्ण लांबीभर चिकटवल्या की जाडी दुप्पट होते आणि वाकण्याला होणारा विरोध आठपट. त्याहून चांगली रचना म्हणजे दांड्याची एक काडी कैचीच्या पुढच्या अंगाला, दुसरी मागच्या अंगाला आणि तिरप्या काड्या मधे, सँडविचसारख्या. मधल्या २ मिमीच्या फटीत, सांध्यांच्या मधल्या भागात, काडीचे तुकडे भरायचे. आता दांडा ६ मिमी जाड झाला आणि विरोध २६ पटींच्या घरात गेला. ही फट मोकळी ठेवू नका. भरणी नसेल तर दोन्ही काड्या आपापल्या वाकतात आणि सगळा फायदा जातो. तिरप्या काड्यांची टोकं मधल्या थरात एकमेकांवर चढणार नाहीत अशी कापून घ्या. टोकं चढली की तिथे दांडा फुगतो आणि गोंदाला चिकटायला पृष्ठभागच उरत नाही.

वरचा दांडा पक्का झाला की पुढचा कमकुवत दुवा समोर येतो: वर जाताना मध्याकडे झुकणाऱ्या तिरप्या काड्या. त्याही दबतात. २० किलोच्या बादलीला त्यांच्यावर पावणेसहा किलो येतात, म्हणजे २२-२३ किलोच्या सुमारास त्यांची पाळी. अशा काड्या प्रत्येक कैचीत चार असतात. वरच्या आणि खालच्या दांड्याच्या मधे बसेल असा सुमारे ८ सेंमीचा तुकडा त्यांच्या अंगाला चिकटवून द्या. मध्यापासून दूर झुकणाऱ्या चार काड्या ओढल्या जातात, त्यांना जोड नको. सरसकट सगळं दुप्पट करणं म्हणजे नुसतं वजन वाढवणं, आणि बक्षीस वजनाच्या हिशोबाने असेल तर ते महागात पडतं.

दांड्याचे जोड एकाच रेषेत

काडीचं टोक काडीच्या टोकाला लावून चिकटवलं तर गोंदाला मिळते फक्त २ गुणिले १० मिमीची जागा, तीही धाग्यांची कापलेली टोकं. हा सांधा हाताने ओढला तरी सुटतो. सँडविचमध्ये पुढच्या थराची सुरुवात पूर्ण काडीने आणि मागच्या थराची अर्ध्या काडीने करा, म्हणजे एका थराचा जोड दुसऱ्या थराच्या अखंड काडीवर येतो.

घाईचा गोंद

हॉट ग्लूच्या बंदुकीबद्दल स्पष्टच सांगायला हवं: वजन पेलणाऱ्या पुलात तिला जागा नाही. तो गोंद म्हणजे वितळवलेलं प्लास्टिक. थंड झाल्यावरही मऊ राहतं, सतत भार असला की हळूहळू सरकतं आणि सांध्यात काडी फिरू देतं. शिवाय त्याचा थर जाड बसतो, त्यामुळे काड्या एका पातळीत येतच नाहीत. हा पूल अर्ध्या तासात उभा राहतो हे खरं, पण वजन टांगल्यावर तो मोडण्याआधीच खाली झोळतो. सुपर ग्लू कडक असतो, पण त्याला दोन पृष्ठभाग अगदी घट्ट भिडलेले लागतात. फट भरणं त्याला जमत नाही आणि धक्क्याला तो ठिसूळ ठरतो. भरणीचे छोटे तुकडे जागेवर धरून ठेवायला तो ठीक.

बाकी सगळीकडे लाकडाचा पांढरा पीव्हीए गोंद. तो लाकडाच्या धाग्यांत शिरतो, आणि काड्या ६० अंशांत एकमेकींवर आल्या की जेमतेम एक चौरस सेंमीची जागा मिळते, तेवढी त्याला पुरते. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ हात फिरवा. दाबल्यावर कडेने बारीक मणी दिसले तर प्रमाण बरोबर, ओघळ आला तर जास्त. जास्त गोंदाने ताकद वाढत नाही. यातलं पाणी लाकडातून बाहेर पडल्यावरच तो घट्ट होतो, म्हणून जाड थर आतून दोन दिवसही ओला राहतो.

चिमटा लावून किमान ४५ मिनिटं आणि भार देण्याआधी पूर्ण २४ तास. "हाताला कोरडा लागतोय" हा पुरावा नाही. म्हणून बांधणी चाचणीच्या तीन दिवस आधी सुरू करावी. पहिल्या दिवशी कैच्या, दुसऱ्या दिवशी आडव्या काड्यांनी त्या जोडणं, तिसरा दिवस फक्त वाळण्यासाठी. यातला तिसरा दिवस सगळे खातात.

गोंदावर शंका असेल तर दोन काड्या आडव्या चिकटवून दुसऱ्या दिवशी मुद्दाम तोडा. लाकडाचे धागे उपटून आले तर गोंदाने काम केलं. गुळगुळीत चकाकणारा पापुद्रा दिसला तर गोंद लाकडाला धरलाच नाही. मग कारण बहुतेक काडीतच असतं: रंग, गुळगुळीत पॉलिश किंवा वापरलेल्या काडीवर राहिलेली साखर आणि चरबी. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने दोनदा घासलं की पुरे, पण फक्त सांध्याच्या जागी.

चिमटे लावण्यातली गडबड

गोंद लावल्याबरोबर चिमटा लावला की ओल्या थरावर काडी सरकते, आणि वाळल्यावर ८.७ सेंमीची कैची एका टोकाला ९ झालेली दिसते. आधी बोटांनी मिनिटभर दाबून धरा, गोंद जरा ओढ घेऊ लागला की मग चिमटा. कपड्यांचे लाकडी चिमटे सांध्यांना पुरेसे आहेत. बाइंडर क्लिप जास्त जोर देते पण तिची कड लाकडात रुतते, म्हणून तिच्या खाली काडीचे तुकडे ठेवा आणि मधे प्लास्टिकचा कागद, नाहीतर तेही कायमचे चिकटतील.

लांबीभर चिकटवलेल्या जोडीला दर २-३ सेंमीवर चिमटा हवा, आणि तो वाळेपर्यंत काढायचा नाही. गोंदातल्या पाण्याने काडी एका बाजूने फुगते आणि लवकर सोडली तर तशीच बाकदार वाळते. बाकदार काडी दाबाखाली घालणं म्हणजे तिचं अर्धं काम आधीच करून ठेवणं.

पूर्ण मापाचं चित्र आलेखाच्या कागदावर काढा, वर प्लास्टिक पसरा आणि दोन्ही कैच्या त्याच एका चित्रावर बांधा. अंदाजाने बांधलेल्या दोन कैच्या कधीच सारख्या येत नाहीत. मग पूल तीन पायांवर टेकतो आणि वजन येताच पिळतो.

थोडक्यात आटपणाऱ्या चुका

तिरप्या काडीशिवाय नुसते चौकोन: सांधे कितीही चांगले असले तरी चौकोन तिरका होतो, त्रिकोण होत नाही.

प्रॅट पद्धतीची, म्हणजे उभ्या आणि तिरप्या काड्यांची, कैची काडीचं माप न बघता निवडणं: १० सेंमीच्या चौकोनी खणाचा कर्ण १४ सेंमीच्या वर जातो आणि काडी पुरत नाही. मग त्या कर्णाला मधे जोड देतात, तो सुटतोच.

वजनाची दांडी सांध्यावर न ठेवता दोन सांध्यांच्या मधे ठेवणं.

काड्या न निवडता वापरणं. सपाट काचेवर ठेवून बघा: डोलणाऱ्या काड्या भरणीला, सरळ काड्या वरच्या दांड्याला.

वरून मोकळा पूल

एकेक कैची उत्तम बांधलेली असते, पण वर दोघींना जोडणारं काही नसतं. वरचा दाबलेला दांडा मग बाजूला पळतो आणि दोन्ही कैच्या पत्त्यांसारख्या आडव्या होतात. वरच्या चारही सांध्यांवर आडव्या काड्या द्या आणि त्यांच्या मधल्या खणांत तिरप्या. पुलाची रुंदी ८ सेंमी ठेवली तर या तिरप्या काडीला १२.८ सेंमी लागतात, म्हणून तिथे १५ सेंमीच्या रुंद काड्या वापरा.

चाचणीच्या वेळी पुलाकडे समोरून नाही, वरून बघा. वजन किलोकिलोने, धक्का न देता वाढवा. वरच्या दांड्याची रेघ सापासारखी होऊ लागली की तिथेच थांबा, वजन उतरवा आणि रेघ कुठे वाकली त्या खणावर पेन्सिलने खूण करा. पुढची काडी नेमकी त्याच जागी लागणार आहे.