घोस्ट नोट्स आणि फिल्स: ड्रमर मंडळी, या चुका टाळा

टोटोचं ‘रोझॅना’ (१९८२) शिकायला आलेला पोरगा पहिल्याच दिवशी मूळ वेगात वाजवायला बसतो. जेफ पोर्कारोने तो ठेका बर्नार्ड पर्डीच्या हाफ-टाइम शफलवरून आणि जॉन बॉनमच्या ‘फूल इन द रेन’वरून बेतला होता. प्रत्येक बीटचे तीन भाग करा. पहिला आणि तिसरा हाय-हॅटवर, मधला स्नेअरवर अगदी हळू. हीच घोस्ट नोट. खणखणीत बॅकबीट फक्त तिसऱ्या बीटवर.

सगळी गोची त्या बॅकबीटनंतर होते. लगेच पुढचीच नोट घोस्ट असते, पण जोरात मारल्यावर काठी उसळून वर जाते आणि पुढचा फटकाही तेवढ्याच उंचीवरून पडतो. एका विद्यार्थ्याच्या बँडच्या रेकॉर्डिंगला मी बसलो होतो. नुसता स्नेअरचा ट्रॅक लावला तर बॅकबीट कुठला आणि घोस्ट कुठली, कळेना. इंजिनिअरने हळू आवाज कापणारा गेट लावून पाहिला. सैल ठेवला तर सगळंच आत येई, आवळला तर बॅकबीटही अधूनमधून गळे. शेवटी पोराला घोस्ट नोट्स पूर्ण सोडून वाजवायला लावलं, आणि त्या गाण्यात पहिल्यांदा बेस ऐकू आला.

माझी सवय सांगतो. क्लिक ६० वर ठेवायचा आणि फक्त दोनच फटके वाजवायचे: बॅकबीट आणि त्यानंतरची घोस्ट. मारल्यावर काठी पॅडपासून इंचभर वर थांबवायची. थांबली, की पुढची नोट मनगटाने नाही, बोटांनी सोडायची. हे कंटाळवाणं आहे, म्हणून लोक व्हिडिओ दीडपट वेगाने बघतात आणि हात आहेत तिथेच राहतात.

मोठ्या आवाजाच्या गिग्जमध्ये घोस्ट नोट्स कुणालाच ऐकू येत नाहीत; तिथे हट्ट नको.

आता फिल. शफलमध्ये फिल आला की पोरं तीनाचे भाग विसरून सरळ सोळांशात शिरतात. ठेका लंगडतो आणि ‘एक’ लवकर येतो. फिल तोंडाने म्हणता येत नसेल तर तो वाजवायचा नाही, एवढा माझा नियम आहे. डाव्या पायाने हाय-हॅटवर प्रत्येक बीट चालू ठेवा. पाय अडखळला की समजायचं, फिल आपल्या आवाक्याबाहेरचा आहे.

आणि दर चार बारला टॉम्सवरून धावायची गरज नसते. चौथ्या बीटमधली घोस्ट नोट जरा मोठी करा, पुढच्या ‘एक’वर किकसोबत क्रॅश द्या. गायकाची ओळ चालू असेल तर क्रॅशही नको.