चिनी मुखत्यारपत्रातला ‘खास’ शब्द: माझा अनुभव

चीनमधल्या दाव्यासाठी तिथल्या वकिलाने पाठवलेल्या मुखत्यारपत्राचा मी मराठी अनुवाद करत होते. त्यात ‘थब्ये शौछ्वान’ होतं, शब्दशः ‘विशेष अधिकारदान’. मी सरळ ‘खास मुखत्यारपत्र’ लिहिलं. सही करणारे गृहस्थ म्हणाले, “म्हणजे मर्यादितच ना? मग हरकत नाही.”

तिथे मी थबकले. आपल्याकडे कुलमुखत्यारपत्र व्यापक आणि खास मुखत्यारपत्र एखाद्या कामापुरतं. चिनी दिवाणी दाव्यात नेमकं उलटं! ‘इबान शौछ्वान’ म्हणजे साधा अधिकार: वकील हजर राहील, पुरावे देईल, युक्तिवाद करेल. दावा मान्य करणं, सोडणं किंवा बदलणं, तडजोड, प्रतिदावा, अपील यांसाठी ‘विशेष’ अधिकार लागतो आणि प्रत्येक गोष्ट स्पष्ट लिहावी लागते. नुसतं ‘छ्वानछ्वान दाइली’, म्हणजे ‘सर्वाधिकारी प्रतिनिधी’, लिहिलं तर यातला एकही अधिकार मिळत नाही.

म्हणून मी ‘खास’ काढून ‘पुढे नमूद केलेले वाढीव अधिकार’ असं लिहिलं, शेजारी मूळ चिनी अक्षरं ठेवली आणि फरक सांगणारी अनुवादकाची टीप जोडली. यादीला मात्र हात लावला नाही. ती वाचून गृहस्थांनी तडजोडीचा अधिकार वकिलाकडून वगळून घेतला, मगच सही केली.