गरोदरपणात मालिश, कायरोप्रॅक्टिक आणि अ‍ॅक्युपंक्चर : या चुका टाळा

सातवा महिना लागला की कंबर धरते आणि घरात मालिशवाल्या बाईंचा नंबर शोधला जातो. पहिली चूक इथेच होते. दुखणं कसलं आहे हे न बघताच हात लावायचं ठरून जातं.

तीस आठवडे भरलेल्या एका गरोदर बाईची तक्रार घेऊ. कुशीवर वळताना आणि जिना चढताना उजव्या खुब्याच्या मागे, माकडहाडाच्या बाजूला कळ येते. सकाळी उठल्यावर दोन-चार पावलं लंगडायला होतं. ताप नाही, लघवीला जळजळ नाही, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलेलं नाही, बाळ नेहमीसारखं हलतंय. हे कंबरेच्या हाडांच्या सांध्यांचं दुखणं आहे. गरोदरपणात हे सांधे सैल होतात आणि आजूबाजूचे स्नायू त्यांना धरून ठेवताना थकतात. अशा वेळी मालिशने बरं वाटतं.

पण तीच कंबर थांबून थांबून, ठरावीक वेळाने दुखत असेल आणि त्याबरोबर पोट कडक होत असेल, तर त्या वेळेआधीच्या कळा असू शकतात. एका कुशीत दुखून थंडी-ताप आला असेल तर मूत्रपिंडाच्या संसर्गाची शंका घ्यायची. विसाव्या आठवड्यानंतर डोकं ठणकतंय, चेहरा-हात सुजलेत, डोळ्यांपुढे चमकतंय आणि घरचे चंपी करतायत, हे तर नेहमीचं दृश्य. तिथे आधी रक्तदाब मोजायचा. तो १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

पोटरी दाबण्याची घाई

रात्री पोटरीत गोळा आला की कुणीतरी जोरात पोटरी रगडतं. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं. वाढलेल्या गर्भाशयाचा दाब कंबरेतल्या शिरांवर पडतो, म्हणून पायांतलं रक्त साचून राहतं. गुठळी जास्त करून डाव्या पायात होते, आणि ती रगडून सुटली तर फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून आधी दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा. शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्यांचा घेर गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर मोजा. एक पाय २ सेंटिमीटर किंवा जास्त जाड असेल, गरम लागत असेल, चालताना दुखत असेल, तर मालिश नाही, त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी. फरक कमी असला तरी एकाच पायात गरमपणा आणि दुखणं असेल तर दाखवायचंच.

नुसता गोळा असेल तर गुडघा सरळ ठेवून पावलाचा चवडा अंगाकडे ओढून धरला की तो सुटतो, रगडायची गरज पडत नाही. दोन्ही पायांवर सारखी सूज असेल तर घोट्यापासून वर हलका हात फिरवायला हरकत नाही.

झोपवायचं कसं आणि लावायचं काय

वर सांगितलेल्या बाईला मालिश करायचं तर तिला डाव्या कुशीवर झोपवा. एक उशी गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत दोन्ही पायांच्या मध्ये आणि एक पातळ उशी पोटाखाली ठेवा. विसाव्या आठवड्यानंतर उताणं झोपवलं तर गर्भाशय मागच्या मोठ्या शिरेवर दाबतं. बाई पांढरीफटक पडते, मळमळतं, गरगरतं. तसं झालं तर लगेच कुशीवर वळवा. काही पार्लरमध्ये पोटासाठी भोक असलेला पलंग असतो. दिसायला छान, पण पोट लोंबकळतं आणि कंबरेवर उलटा ताण येतो, त्यामुळे तो टाळलेलाच बरा.

कंबर आणि खुब्याच्या मागे तळव्याने लांब, एकसारखे हात फिरवा. कोपर किंवा अंगठ्याने खुपसून दाबायचं नाही. वीस-तीस मिनिटं पुरेत. मध्येच पोट कडक झालं तर थांबा. सदतीस आठवड्यांच्या आत तासाभरात चार किंवा जास्त वेळा पोट कडक झालं तर दवाखान्यात जायचं.

साधं कोमट खोबरेल किंवा तिळाचं तेल चालतं. चूक होते ती कापूर घातलेलं तेल, गंधपुऱ्याचे उग्र बाम आणि घरात पडून असलेली वेदनाशामक जेल यांची. त्या जेलमध्ये बहुधा डायक्लोफिनॅक असतं. या गटातली औषधं विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडावर आणि शेवटच्या तिमाहीत त्याच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम करू शकतात. कातडीतून ती थोडीच शोषली जातात हे खरं, पण रोज दोनदा अख्ख्या कंबरेला चोळली तर ते थोडं उरत नाही. मालिशनंतर वाफेच्या खोलीत बसणंही नको.

पोट चोळून बाळ फिरवणं

याला मात्र सरळ नाही म्हणायचं. जोर लावून पोट चोळल्याने वार वेळेआधी सुटू शकते, आतल्या आत रक्तस्राव होतो, आणि बाहेर रक्त दिसेलच असं नाही. पोट लाकडासारखं कडक होऊन सतत दुखायला लागलं, बाळाची हालचाल मंदावली, तर वाट बघू नका. अठ्ठावीस आठवड्यांना साधारण पाचातलं एक बाळ पायाळू असतं, दिवस भरेपर्यंत हे प्रमाण शंभरात तीन-चारवर येतं. बहुतेक बाळं आपणच वळतात आणि श्रेय मालिशवाल्या बाईंना जातं. छत्तीस आठवड्यांनंतरही बाळ पायाळू असेल तर डॉक्टर बाहेरून हाताने ते फिरवून बघतात, पण सोनोग्राफी करून, बाळाचे ठोके मोजत आणि ऑपरेशन थिएटर जवळ ठेवून.

हाडं ‘कटकट’ वाजवणं

कायरोप्रॅक्टिक म्हणजे हाताने झटका किंवा दाब देऊन पाठीचे, मानेचे सांधे मोकळे करणं. त्याच्या व्हिडिओत मान, पाठ वाजली की बघणाऱ्यालाच हलकं वाटतं. पण गरोदर बाईचे सांधे आधीच सैल असतात, त्यांना झटका देऊन आणखी मोकळं करण्यात फायदा दिसत नाही. मानेचा झटका तर अजिबात नको. त्याने मेंदूला जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर पक्षाघातापर्यंत जातं. मानेत एकदम कळ, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं ही त्याची लक्षणं. कायरोप्रॅक्टरकडे जायचंच असेल तर झटका न देता, कुशीवर झोपवून हलक्या हाताने काम करणारा आणि गरोदर बायकांचा अनुभव असलेला माणूस बघा. भारतात या पेशासाठी स्वतंत्र सरकारी परिषद नाही, त्यामुळे शिक्षण कुठे झालं हे तोंडावर विचारावं लागतं. आपल्या उदाहरणातल्या बाईला फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम आणि खुब्यांभोवतीचा पट्टा यांनी बहुधा तेवढाच आराम मिळेल.

रक्तस्राव, खाली असलेली वार, पाणी गेलेलं, वाढलेला रक्तदाब, यांपैकी काही असेल तर मालिश किंवा कायरोप्रॅक्टिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

सुया

कंबरेच्या सांध्यांच्या या दुखण्यावर अ‍ॅक्युपंक्चरची बाजू बऱ्यापैकी आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या अभ्यासात ३८६ गरोदर बायका होत्या, आणि नेहमीच्या उपचारांना सुयांची जोड दिलेल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. खालचं पोट, माकडहाडाच्या वरचा भाग, अंगठा आणि तर्जनीमधला बिंदू, आणि घोट्याच्या आतल्या उंचवट्यापासून चार बोटं वरचा बिंदू हे सदतीस आठवड्यांपर्यंत टाळण्याचा प्रघात आहे. त्यांनी कळा सुरू होतात याचा भक्कम पुरावा नाही, पण बाकीचे बिंदू असताना त्यांचाच हट्ट कशाला? सुयांना वीज जोडणंही नको.

मळमळीसाठी मनगटाच्या घडीपासून कोपराकडे स्वतःची तीन बोटं आडवी ठेवा. त्यांच्या खाली, दोन दोऱ्यांसारख्या नसांच्या मधोमध बिंदू येतो. तो दाबायचा किंवा त्यावर पट्टा बांधायचा. काहींना गुण येतो, काहींना नाही. पट्टा हाडावर सरकला तर उपयोग नाही, आणि बोटं बधिर होण्याइतका घट्टही नको. दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल आणि लघवी गडद व कमी होत असेल, तर पट्टा सोडून सलाइन घ्यायला जायचं.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि कौन्सिल आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं गेलं पाहिजे.