विवेचकाची कार्यपत्रिका झेरॉक्सला देण्याआधी

दहावीच्या मुलांसाठी वर्गसमीकरणांच्या सूत्रपद्धतीची कार्यपत्रिका काढायला बसलात की समीकरणं आधी लिहू नका, विवेचक आधी ठरवा. म्हणजे कागदाच्या कडेला Δ च्या किमती मांडा आणि त्यांवरून a, b, c कडे या. आपल्या बालभारतीच्या पुस्तकातले तीन प्रकार मुलांना पाठ असतात. Δ धन असेल तर मुळे वास्तव व असमान, शून्य असेल तर वास्तव व समान, ऋण असेल तर मुळे वास्तव संख्या नाहीत. तिन्ही प्रकार आले पाहिजेत हे खरं, पण तेवढ्यावर थांबू नये. Δ जर 1, 25, 49 असा पूर्ण वर्ग निघाला तर ते उदाहरण अवयव पाडूनही सुटतं आणि हुशार मूल सूत्राला हातच लावत नाही. अशी एक-दोन ठेवा. बाकीच्या ठिकाणी 8, 12, 20 असे विवेचक घ्या, म्हणजे करणी येईल आणि सूत्राशिवाय गत्यंतर उरणार नाही. सात उदाहरणांची पत्रिका एका तासिकेला पुरते. ताळ्याला वेळ लागतो, त्यामुळे दहा-बारा देण्यात अर्थ नाही.

विवेचकावरून समीकरणाकडे जाणं अगदी सोपं आहे. समजा a = 2, b = −6 घ्यायचं आहे आणि Δ = 12 हवा आहे. तर 36 − 8c = 12, म्हणून c = 3. समीकरण झालं 2x² − 6x + 3 = 0. b सम घेतला की Δ मधून 4 बाहेर पडतो आणि करणी सोपी करण्याचा सरावही आपोआप होतो.

यादीतली पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तयार पत्रिकांमध्ये नेमकी तीच राहून जाते. आकडे असे निवडा की नेहमीची चूक केली तर मुळांचं स्वरूपच बदलेल. उदाहरणार्थ 3x² + 5x − 1 = 0 दिलं. इथे Δ = 25 + 12 = 37. c ऋण आहे हे विसरून मुलाने 25 − 12 = 13 केलं, तरी उत्तर ‘वास्तव व असमान’ असंच येतं. वही तपासताना आपण बरोबरची खूण करून पुढे जातो आणि चूक तशीच राहते. त्याऐवजी 3x² + 2x − 1 = 0 द्या. बरोबर केलं तर Δ = 4 + 12 = 16, चिन्ह चुकलं तर 4 − 12 = −8. आता चूक लपत नाही. वर घेतलेल्या 2x² − 6x + 3 = 0 मध्येही हाच गुण आहे. (−6)² ऐवजी कंस न घालता −6² लिहिलं की मूल −36 − 24 = −60 वर पोचतं आणि सांगतं, “सर, मुळे वास्तव नाहीत.” तेवढ्यावरून कंस राहिला हे कळतं, पूर्ण रीत वाचावी लागत नाही.

आता नमुना उत्तर स्वतःच्या हाताने पूर्ण लिहून काढा, ताळ्यासकट. x = (6 ± √12)/4 = (6 ± 2√3)/4 = (3 ± √3)/2. ताळ्यासाठी x = (3 + √3)/2 घ्या. आधी फक्त वर्ग करा: x² = (9 + 6√3 + 3)/4 = (12 + 6√3)/4. म्हणून 2x² = 6 + 3√3. मग −6x = −9 − 3√3. शेवटी + 3. आता करणी नसलेली पदं एकत्र घ्या: 6 − 9 + 3 = 0. करणीची पदं वेगळी: 3√3 − 3√3 = 0. दोन्ही गट स्वतंत्रपणे शून्य झाले पाहिजेत, हे मुलांना तोंडी सांगा, आणि ताळ्यासाठी पत्रिकेत तशी दोन ओळींची मोकळी जागाच सोडा. दुसऱ्या मुळात फक्त √3 चं चिन्ह उलटतं, त्यामुळे तो ताळा झटपट होतो.

याच जागी छेद तोडण्यातली चूक पकडली जाते. (6 ± 2√3)/4 मध्ये 2√3 मधला 2 तेवढा 4 शी छेदून (6 ± √3)/2 लिहिणारी मुलं दर वर्षी भेटतात. ती किंमत घालून बघा: 2x² = (39 + 12√3)/2 येतं आणि सगळं मिळून 4.5 + 3√3 उरतं, शून्य नाही. √3 ची किंमत 1.73 घेऊन दशांशात ताळा मात्र करू देऊ नका. x = 2.365 घातलं की उत्तर −0.00355 येतं आणि बरोबर मूळ काढलेलं मूलही गोंधळून खाडाखोड करतं.

ताळ्याला मर्यादाही आहेत, त्यांची सोय पत्रिकेतच करा. किंमत मूळ दिलेल्या समीकरणात घालायची, सामान्य रूपात आणल्यानंतरच्या नाही. नाहीतर बाजू बदलताना चुकलेलं चिन्ह सापडणार नाही. म्हणून एखादं उदाहरण x² = 4x − 1 असं विस्कटलेलं ठेवा. Δ ऋण असेल तर घालायला वास्तव मूळच नसतं. तिथे ताळ्याच्या जागी पूर्ण वर्ग करायला सांगा: x² + 4x + 7 = (x + 2)² + 3. वर्ग कधी ऋण होत नाही, म्हणजे ही राशी 3 पेक्षा खाली येतच नाही, मग शून्य कुठून होणार? मुलांना हे फार पटतं.

शेवटचं उदाहरण k चं ठेवा. ‘kx(x − 4) + 12 = 0 ची मुळे वास्तव व समान असल्यास k काढा.’ कंस सोडवला की kx² − 4kx + 12 = 0, म्हणून Δ = 16k² − 48k = 16k(k − 3). शून्य करायला k = 0 किंवा k = 3. दोन्ही लिहून मोकळी होणारी मुलं बरीच असतात. k = 0 मूळ समीकरणात घाला, तर 12 = 0 उरतं. k = 3 घातलं तर 3x² − 12x + 12 = 0, x = 2, आणि 12 − 24 + 12 = 0.

आता कागदाचं. अप्पा बळवंत चौकात झेरॉक्सला देण्याआधी एक प्रत काढून x वरचा 2 नीट दिसतो का ते बघा. लहान अक्षरात तो पुसट होतो आणि मुलं 2x वाचतात. वजा चिन्हं आणि कंस ठळक करा. प्रत्येक उदाहरणाखाली a = , b = , c = अशा मोकळ्या जागा ठेवा, मुळांच्या स्वरूपासाठी एक वेगळी ओळ ठेवा, आणि ती मुळं काढायच्या आधी भरायची आहे असं छापा. उत्तरं त्याच कागदाच्या मागे देऊ नका. निम्मी मुलं ताळा सोडून मागे बघतात. उत्तरपत्रिका ताळे पूर्ण झाल्यावरच वाटा, आणि तिच्यात नुसती मुळं नकोत, प्रत्येकाचा Δ सुद्धा छापा, म्हणजे चूक विवेचकात झाली की त्यानंतर, हे मुलाला स्वतःलाच शोधता येईल.